सोनोग्राफीत वृषणांत कॅल्शियमचे बारीक ठिपके: दर सहा महिन्यांनी तपासणी खरोखर लागते का?

गोदाकाठचा

नमस्कार. विषय थोडा संकोचाचा आहे, पण घरात किंवा मित्रांत विचारण्यापेक्षा येथे विचारणे मला सोपे वाटते. माझे वय ३४ आहे. नाशिकमध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी सुट्या भागांच्या मोजमापाचे काम करतो. गेले दोन महिने डाव्या बाजूला अधूनमधून मंद ठणका लागतो, विशेषतः दुचाकीवरून सिडको ते अंबड असे रोजचे जाणे-येणे झाल्यावर. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून पाहिले आणि हाताला काही लागत नाही असे सांगितले, तरी खात्रीसाठी अंडकोशाची सोनोग्राफी करून घ्यायला लावली.

ठणक्याचे कारण सोनोग्राफीत सापडले नाही. मात्र दोन्ही वृषणांत सूक्ष्म कॅल्सिफिकेशन, म्हणजे मायक्रोलिथियासिस, असल्याचे रिपोर्टात लिहून आले, एका चित्रात पाचाहून अधिक ठिपके दिसतात अशी नोंद आली आणि शेवटी एकच ओळ आली: सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करावी. उजव्या वृषणाचे आकारमान ९.३ मिलिलिटर आणि डाव्याचे १४.७ मिलिलिटर लिहिले आहे. तेथील डॉक्टरांना विचारले तेव्हा ते घाईत होते. 'घाबरू नका, पण लक्ष ठेवा,' एवढेच ते म्हणाले. कशावर लक्ष ठेवायचे हे त्यांनी सांगितले नाही, आणि त्या रात्री मोबाइलवर शोधत बसल्यावर कर्करोग हा शब्द इतक्या वेळा समोर आला की मला झोप लागली नाही.

हे ठिपके नेमके काय असतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी खरोखर आवश्यक आहे का, हे दोनच प्रश्न आहेत.

निफाडकर काका

अहो, खडे म्हणजे खडेच. मला २०११ साली मूत्रपिंडात खडा झाला होता आणि त्याची कळ काय असते हे मीच जाणतो. आमच्याकडे विहिरीचे पाणी इतके जड आहे की कळशीच्या तळाला पांढरा थर बसतो. दूध, पालक आणि टोमॅटो काही दिवस बंद करा, पाणी भरपूर प्या आणि कुळथाचे कढण घ्या. तीन महिन्यांत ठिपके विरघळले नाहीत तर मला सांगा.

गोदाकाठचा

काका, आपण आपुलकीने लिहिलेत, पण लघवीच्या मार्गाचा येथे काही संबंध आहे का, याचीच मला शंका आहे.

प्रतिध्वनी

मी नाशिकमध्येच सोनोग्राफी करतो आणि हे काम करताना मला वीसहून अधिक वर्षे झाली आहेत. काकांचा सल्ला मूत्रपिंडाच्या खड्यासाठी कितपत लागू पडेल हे मी सांगत नाही, परंतु या ठिपक्यांना तो लागू पडत नाही. वृषणाच्या आत शुक्राणू तयार करणाऱ्या अत्यंत बारीक नलिका असतात. नलिकेच्या भिंतीवरून गळून पडलेल्या पेशींचा अवशेष तिच्यातच अडकतो, त्याच्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेटचा थर बसतो आणि त्याभोवती तंतूंची वलये तयार होतात. असा प्रत्येक कण साधारण एक ते तीन मिलिमीटरचा दिसतो. तो जेवणातल्या कॅल्शियममुळे तयार होत नाही आणि दूध बंद केल्याने विरघळत नाही. औषधाने तो घालवायचा नसतो, कारण त्याच्यामुळे दुखतही नाही. आपल्या ठणक्याचे कारण वेगळे आहे आणि ते वेगळेच शोधावे लागेल.

पडद्यावर हे कण पांढऱ्या टिंबांसारखे दिसतात, पण मूत्रपिंडातला मोठा खडा आपल्या मागे जशी काळी सावली टाकतो तशी सावली ते टाकत नाहीत. त्यामुळे निदान चुकण्याचा प्रश्न फारसा येत नाही. अडचण निदानानंतर सुरू होते.

त्र्यंबकवाला

म्हणजे आकाशात ग्रहतारे असतात तसे हे वृषणातले तारे झाले. आमच्या एका डॉक्टरांनी तर शिकवताना तारांगण असाच शब्द वापरला होता.

सजग

येथे थट्टा नको. मला हेच निदान तीन वर्षांपूर्वी झाले आहे आणि मी ते गांभीर्याने घेतले आहे. मायक्रोलिथियासिस ही कर्करोगाच्या आधीची अवस्था आहे असे मी वाचले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी रक्तातील तिन्ही खुणा, म्हणजे एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच, तपासून घेतो. आतापर्यंत सर्व प्रमाणात आहेत. धागाकर्त्यांनीही उद्याच रक्त द्यावे असे माझे मत आहे. सहा महिने म्हणजे फार उशीर होईल.

प्रतिध्वनी

सजग, आपली काळजी मी समजू शकतो, परंतु आपण जे वाचले त्यात अर्धे खरे आहे. वृषणाचा कर्करोग झालेल्या पुरुषांच्या सोनोग्राफीत असे ठिपके नेहमीपेक्षा जास्त वेळा दिसतात, हे खरे आहे. पण सुरुवातीची निरीक्षणे ज्या पुरुषांवर झाली ते गाठ, वंध्यत्व किंवा लहान झालेले वृषण घेऊन रुग्णालयात आलेले होते. ज्यांच्यात आधीच काही बिघडलेले आहे अशांतच शोधले, तर ठिपके आणि आजार एकत्र सापडणारच.

पुढे अमेरिकेत कोणतीही तक्रार नसलेल्या १,५०४ तरुणांची तपासणी झाली. ते १८ ते ३५ वयाचे होते आणि लष्करी प्रशिक्षणासाठी आले होते. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८४ जणांत, म्हणजे शेकडा साडेपाच जणांत, हे ठिपके सापडले. नंतर त्यातील ६३ जणांचा पाच वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा एकाला गाठ झाली. ठिपके म्हणजे कर्करोगाची पहिली पायरी असती तर आकडे असे आले नसते. शिवाय आपल्या देशात वृषणाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत पुष्कळ कमी आढळतो.

रक्ताबद्दल सांगायचे तर, गाठ सापडली की या तपासण्या फार उपयोगी पडतात, परंतु केवळ ठिपके असताना त्या करण्याला आधार नाही. सेमिनोमा या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारात त्या पुष्कळदा सामान्यच येतात. म्हणजे गाठ असूनही अहवाल चांगला येऊ शकतो आणि आपण निर्धास्त राहू शकता. तीन महिन्यांनी रक्त देऊन आपल्याला जो दिलासा मिळतो, तो रक्तात नाही.

सजग

हे मला कोणीच सांगितले नव्हते. तरीही तीन वर्षांचा नेम एकदम सोडवत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. आणि सोनोग्राफी वारंवार केल्याने किरणांचा त्रास होत नाही का?

प्रतिध्वनी

सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, क्ष-किरण नसतात. त्या बाबतीत निश्चिंत राहावे. वारंवार केल्याचा खर्च होतो, आणि दर खेपेला आठवडाभर आधीपासून जो घोर लागतो तो वेगळाच.

आता धागाकर्त्यांसाठी. रिपोर्टातील सहा महिन्यांच्या ओळीचे उत्तर ठिपक्यांच्या संख्येत शोधू नका. ते पाच आहेत की पन्नास, यावरून आम्ही पुढची तपासणी ठरवत नाही, आणि पुढच्या वेळी ते वाढलेले दिसले म्हणून घाबरायचेही नसते, कारण अधिक चांगले यंत्र असले तरी अधिक टिंबे दिसतात. युरोपातील मूत्र-जननेंद्रिय क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली जे ठरवले त्यात प्रश्न माणसाबद्दल विचारले आहेत. पूर्वी एका वृषणाचा कर्करोग झाला होता का? वडील, भाऊ किंवा मुलगा यांपैकी कोणाला तो झाला आहे का? लहानपणी वृषण अंडकोशात उतरले नव्हते का, किंवा ते खाली आणण्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती का? एखादे वृषण आकाराने लहान, म्हणजे १२ मिलिलिटरपेक्षा कमी आहे का? या सर्वांचे उत्तर नाही असेल तर पुढच्या सोनोग्राफीची गरज नाही. एकाचेही उत्तर हो असेल तर वर्षातून एकदा, वयाच्या ५५व्या वर्षापर्यंत, सोनोग्राफी करावी असे त्यांचे म्हणणे आहे. सहा महिन्यांचा आकडा त्यात कोठेच नाही.

आपण या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, असे मी सुचवतो.

गोदाकाठचा

डॉक्टर, मनापासून आभार. कर्करोग मला किंवा घरात कोणालाही झालेला नाही. शस्त्रक्रिया कधीच झाली नाही, निदान मला आठवत तरी नाही. राहिला शेवटचा प्रश्न, आणि तेथेच मी अडकलो आहे: उजवे वृषण ९.३ मिलिलिटर आहे. १२ पेक्षा ते कमी आहे, म्हणजे मी दरवर्षीच्या तपासणीत आलोच ना?

ओझरकर

माझ्या थोरल्या भावाला २०१६ साली, तो २९ वर्षांचा असताना, वृषणाचा कर्करोग झाला. वृषण काढले, केमोथेरपी झाली आणि आज तो द्राक्षबागेत माझ्यापेक्षा अधिक काम करतो. त्यानंतर मला तपासले तेव्हा माझ्यातही हे ठिपके निघाले. म्हणजे डॉक्टरांनी वर विचारलेल्यांपैकी भावाचा प्रश्न माझ्या बाबतीत होकारार्थी आहे. मी दर डिसेंबरमध्ये, छाटणीची धावपळ संपल्यावर, एकदा सोनोग्राफी करून घेतो आणि मधल्या काळात महिन्यातून एकदा स्वतः तपासतो. अनुभवाने एक सांगतो: पहिल्या वर्षी मला हाताला मागच्या बाजूला एक मऊ गाठ लागली आणि मी धावत दवाखान्यात गेलो. ती वृषणाच्या मागे प्रत्येकालाच असणारी नळीसारखी रचना होती. तेथील डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

प्रतिध्वनी

ओझरकरांनी छान सांगितले. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर त्वचा सैल असते, तेव्हा प्रत्येक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये अलगद फिरवून पाहावे. मागच्या बाजूची मऊ वळकटी सर्वांना असते. वृषणाच्या स्वतःच्या पृष्ठभागावर घट्ट, बहुधा न दुखणारा उंचवटा लागला किंवा एक बाजू जड वाटू लागली, तर त्या आठवड्यातच दाखवावे. ठिपके मात्र हाताला कधीच लागत नाहीत.

गोदाकाठचा, आकारमानाच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी रिपोर्टातील तीन मापे कळवा. लांबी, रुंदी आणि जाडी चित्राच्या कोपऱ्यात लिहिलेली असतात.

गोदाकाठचा

उजवे: ३.९, २.४ आणि १.९ सेंटिमीटर. डावे: ४.४, २.८ आणि २.३ सेंटिमीटर.

प्रतिध्वनी

मला वाटलेच होते. आपल्या यंत्राने तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ०.५२ने गुणले आहे. सर्वसाधारण लंबगोलासाठी ते सूत्र असते आणि बहुतेक यंत्रांत तेच आधीपासून भरलेले असते. वृषणासाठी मात्र ०.७१ हा गुणक प्रत्यक्ष आकारमानाशी अधिक जुळतो असे आढळले आहे. आपण स्वतः मोजमापाचे काम करता, तेव्हा गणित करून पाहा.

गोदाकाठचा

केले. उजव्याचा गुणाकार १७.७८ येतो. ०.५२ने गुणले तर ९.२५, म्हणजे रिपोर्टातले ९.३. ०.७१ने गुणले तर १२.६. त्याच तीन मापांतून मी मर्यादेच्या एकदा खाली आणि एकदा वर!

आणि व्यवसायाच्या सवयीने आणखी एक गोष्ट करून पाहिली. जाडी १.९ऐवजी १.८ धरली, म्हणजे खूण एक मिलिमीटर अलीकडे पडली, तर ०.७१नेही उत्तर ११.९६ येते. आमच्या कारखान्यात ज्या मापाची सीमा मोजण्याच्या चुकीपेक्षाही अरुंद असते, त्या मापावर आम्ही माल नाकारत नाही, पुन्हा मोजतो.

त्र्यंबकवाला

बारीक ठिपक्यांच्या धाग्यात व्हर्नियर कॅलिपर आला. नाशिक औद्योगिक शहर असल्याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

प्रतिध्वनी

अगदी योग्य बोललात. १२ हा आकडा निसर्गाने आखलेली रेघ नाही. त्याचा हेतू एवढाच की स्पष्टपणे आक्रसलेले, नीट न वाढलेले वृषण ओळखता यावे. १२च्या आसपास असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, दोन्ही बाजूंची तुलना करावी, आणि वृषणाचा पोत एकसारखा आहे का ते पाहावे. परंतु आपल्या मापांत मला दुसरेच काही खटकते. डाव्याचे आकारमान याच सूत्राने २० येते. दोन बाजूंत इतका फरक का आहे? गालगुंड होऊन कधी वृषण सुजले होते का? मार लागला होता का? आणि लहानपणीच्या शस्त्रक्रियेबद्दल आपल्या आठवणीवर विसंबू नका. आईंना विचारा. उजव्या जांघेत, त्वचेच्या घडीत, तिरपा जुना व्रण आहे का तेही पाहा. वर्षानुवर्षांनी तो सुरकुतीसारखाच दिसतो.

मनमाडची लेक

मी येथे पतीसाठी विचारते आहे. ते ३१ वर्षांचे आहेत आणि आम्हाला लग्नाला चार वर्षे होऊनही मूल नाही. शुक्राणूंची संख्या फार कमी आहे. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना हेच ठिपके आले आणि आकारमान ८ आणि ९ लिहिले आहे. आमच्या डॉक्टरांनी ठिपक्यांकडे दुर्लक्ष करायला सांगितले. वर डॉक्टरांनी लिहिलेले वाचून मला आता तो सल्ला अपुरा वाटू लागला आहे. आकारमान ०.७१ने काढले तरी १२ होत नाही, हे मीही करून पाहिले.

प्रतिध्वनी

ताई, आपण गणित बरोबर केलेत. ९ला ०.५२ने भागून ०.७१ने गुणले तरी साधारण १२.३ येते आणि ८चे १०.९. म्हणजे एक बाजू सीमेवर आणि एक सीमेच्या खाली.

मनमाडची लेक

क्षमा असावी. माझे एका बाजूचेच गणित बरोबर आले म्हणायचे.

प्रतिध्वनी

क्षमेचे काही कारण नाही, माझेच वाक्य अर्धवट होते. आपल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या पतींची स्थिती धागाकर्त्यांसारखी नाही. शुक्राणू फार कमी, वृषणे लहान आणि त्यांत ठिपके असे एकत्र असेल तर केवळ दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही. अशा पुरुषांशी वृषणाच्या बायोप्सीबद्दल बोलावे असे युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञ सांगतात, कारण नलिकांच्या आतच थांबलेल्या, अजून गाठ न झालेल्या कर्करोगपेशी त्यात सापडू शकतात. दुसरे तज्ज्ञ म्हणतात की आधीच दुबळ्या वृषणाला सुई लावण्यापेक्षा दरवर्षी पाहत राहावे. मी सोनोग्राफी करणारा आहे. हा निर्णय मूत्ररोगतज्ज्ञांनी पतींना समोर बसवून घ्यायचा आहे. प्रजननासाठी वृषणातून शुक्राणू काढण्याची वेळ येणार असेल, तर त्याच वेळी लहानसा तुकडा तपासायला देता येईल का, हे मात्र आधीच विचारून ठेवा. त्यामुळे दोन वेळा शस्त्रक्रिया टळेल.

निफाडकर काका

मी माघार घेतो, दूध चालू ठेवा. पण एक प्रश्न विचारतो. मी ६१ वर्षांचा आहे. हर्नियाच्या सोनोग्राफीत मलाही असेच काहीसे लिहून आले होते, एकाच बाजूला दोन ठिपके. मग मी आता काय करायचे?

प्रतिध्वनी

काका, एका बाजूला दोन ठिपके म्हणजे ज्याला मायक्रोलिथियासिस म्हणावे तेही नाही. एका चित्रात पाच किंवा अधिक दिसले तरच आम्ही तो शब्द वापरतो. आपण द्राक्षांकडे लक्ष द्यावे.

गोदाकाठचा

चार दिवसांनी लिहितो आहे. आईला फोनवर विचारायला धीर होईना, म्हणून रविवारी गावी गेलो. प्रश्न विचारल्यावर ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग तिने सांगितले की मी चार वर्षांचा असताना उजव्या बाजूचे वृषण खाली उतरलेले नव्हते आणि नाशिकच्या एका दवाखान्यात ऑपरेशन करून ते खाली आणले होते. मला तिने आजवर हर्नियाचे ऑपरेशन एवढेच सांगितले होते, तेही मी पूर्ण विसरलो होतो. मोठा झाल्यावर लाजशील म्हणून बोललो नाही, असे ती म्हणाली. रात्री आरशात पाहिले. जांघेच्या घडीत दोन इंचांचा फिकट व्रण आहे. तीस वर्षे रोज आंघोळ करतो आणि तो मला कधी दिसला नव्हता.

म्हणजे ९.३ की १२.६ हा आपला सगळा वाद गैरलागू ठरला. माझे उत्तर तिसऱ्या प्रश्नातच होते.

प्रतिध्वनी

होय. आपले उजवे वृषण लहान का, तेही त्यातून कळते. अशा शस्त्रक्रियेनंतरही ते पूर्ण आकाराचे होतेच असे नाही. आता सल्ला बदलतो. ठिपके आणि उशिरा उतरलेले वृषण अशी जोडी असल्यामुळे वर्षातून एकदा सोनोग्राफी करण्याचा युरोपीय सल्ला आपल्याला लागू होतो. त्याच वेळी आकडा माहीत असावा म्हणून सांगतो: स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. १३ वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण तेथील सर्वसाधारण पुरुषांच्या सव्वादोन पट होते, आणि त्यानंतर झालेल्यांत पाच पटींहून अधिक. आपली चौथ्या वर्षी झाली. मुळात दुर्मीळ असलेल्या गोष्टीची सव्वादोन पटही दुर्मीळच राहते. आज अशी शस्त्रक्रिया बाळ सहा ते अठरा महिन्यांचे असतानाच करतात.

सजग

मग रिपोर्टात सहा महिने लिहिणारे डॉक्टर बरोबरच होते म्हणायचे.

प्रतिध्वनी

त्यांनी हा इतिहास विचारला असता आणि रिपोर्टात लिहिला असता, तर मी ते मान्य केले असते. माझ्या व्यवसायातील दोष येथे लपवत नाही. ठिपके दिसले की सवयीने एक ओळ लिहिली जाते, कारण न लिहिण्यापेक्षा लिहिणे सुरक्षित वाटते. रुग्ण टेबलावर असताना दोन प्रश्न विचारायला एक मिनिट लागते.

त्र्यंबकवाला

३४ ते ५५ म्हणजे एकवीस सोनोग्राफ्या. तेवढ्यात नाशिकला दोन सिंहस्थ होऊन जातील. पुढील सिंहस्थात साधूंच्या गर्दीतून दवाखान्यात कसे पोहोचणार, याची सोय आतापासून पाहा.

गोदाकाठचा

दोन आठवड्यांनंतरची माहिती लिहितो. मूत्ररोगतज्ज्ञांना भेटलो. त्यांनी सावकाश तपासले आणि आईने सांगितलेले सर्व लिहून घेतले. ते म्हणाले की अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ माझ्यासारख्यांना स्वतः तपासण्याची सवय लावतात आणि गाठीभेटी ठेवायला सांगतात, दरवर्षी सोनोग्राफीच झाली पाहिजे असे म्हणत नाहीत, तर युरोपात दरवर्षीची सोनोग्राफी सुचवतात. दोन्ही पद्धतींत जिवाला धोका कमी-अधिक होतो असे ठामपणे दाखवलेले नाही. त्यांनी निवड माझ्यावर सोडली. मी वर्षातून एकदा करायचे ठरवले, कारण उजवे वृषण लहान असल्यामुळे हाताने तपासताना मला खात्री वाटत नाही. रक्ताची तपासणी आणि बायोप्सी या दोन्हींची माझ्या बाबतीत गरज नाही असे ते म्हणाले.

ठणक्याचे कारण अजूनही सापडलेले नाही. दुचाकीचे आसन बदलले आहे, थोडा फरक वाटतो. ते ठिपक्यांचे नसावे याबद्दल मात्र तिन्ही डॉक्टरांचे एकमत आहे.

ओझरकर

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. छापील रिपोर्टावर विसंबू नका. या वेळच्या चित्रांची सीडी किंवा फाइल मागून घ्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्रात गेलात तर तेथील डॉक्टरांना जुनी चित्रे लागतील, कारण ठिपक्यांमध्ये एखादा काळसर भाग नव्याने आला आहे का, हे शब्दांवरून कळत नाही. माझ्या बाबतीत दुसऱ्या वर्षी अशीच शंका आली होती, आणि जुने चित्र शेजारी लावल्यावर दहा मिनिटांत मिटली. बरीच केंद्रे चित्रे फार काळ ठेवत नाहीत.

गोदाकाठचा

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. उद्या सकाळच्या पाळीनंतर जाऊन मागतो, आणि रिपोर्टावर शस्त्रक्रियेची नोंद करून देतील का तेही विचारतो.

मनमाडची लेक

आम्हाला पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. पती आधी यायला तयार नव्हते, पण हा धागा त्यांनी रात्री बसून पूर्ण वाचला. त्यांच्या आईंनाही त्यांनी स्वतःच फोन केला.